शेवटच्या गोणीचा हिशेब

गव्हाला एकरी दोन गोण्या युरिया टाकून बारा क्विंटल उतारा मिळाला, म्हणून चार गोण्या टाकल्यावर चोवीस क्विंटल येणार नाहीत, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तिसऱ्या गोणीने किती दाणे वाढतील? चौथीने किती? आणि कुठल्या गोणीपाशी थांबायचं? कृषी अर्थशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात ‘उत्पादन फलन’ आणि ‘घटत्या फलाचा नियम’ हे दोन धडे असतात, ते याच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी. परीक्षेत मात्र त्यांची व्याख्या आणि टेकडीसारखी एक आकृती एवढंच मागितलं जातं. म्हणून विद्यार्थी आकृती काढायला शिकतो आणि शेतात उभं राहून निर्णय घ्यायला शिकायचं राहून जातं.

उत्पादन फलन म्हणजे काय टाकलं तर किती मिळतं याचा लेखी संबंध. गव्हाच्या दाण्यात बियाणं, पाणी, मजुरी, जमीन, ऊन, थंडी, नत्र, स्फुरद, पालाश अशा सगळ्यांचा वाटा असतो. पण सगळं एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. म्हणून एकच गोष्ट बदलायची, इथे नत्र, आणि बाकी सगळं जागच्या जागी धरून ठेवायचं. घटत्या फलाचा नियम उभा आहे तो या अटीवर. पुस्तकात ती ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ अशा चार शब्दांत उरकलेली असते. शेतात ती पाळणं हेच प्रयोगाचं मुख्य काम असतं.

हे काम कसं चालतं ते पाहू. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथे ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून दरवर्षी गव्हाचा खतप्रयोग चालू आहे. लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी तो सुरू केला. एकाच शेतात शेजारी-शेजारी पट्टे पाडायचे, एकाला काहीच द्यायचं नाही आणि बाकीच्यांना वेगवेगळ्या मात्रा द्यायच्या, ही त्यांची पद्धत. पुढे १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर तिथे रुजू झाले आणि कुठल्या वाफ्याला कोणती मात्रा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. जमिनीचा एखादा कोपरा मुळातच कसदार असतो. मोठी मात्रा नेमकी त्याच कोपऱ्यात पडली, तर जमिनीचं श्रेय खताला जातं. आपल्याकडच्या संशोधन केंद्रांवर आजही हीच रीत आहे. गव्हासाठी आपल्या राज्यात नाशिक जिल्ह्यातलं निफाडचं कृषी संशोधन केंद्र जुनं आणि नावाजलेलं आहे. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी ही वाणं तिथलीच.

समजा, आपणच असा एक प्रयोग मांडला. वाण एक, पेरणी एकाच दिवशी, पाण्याच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या. स्फुरद हेक्टरी ६० किलो आणि पालाश ४० किलो प्रत्येक वाफ्याला. नत्र मात्र शून्यापासून १८० किलोपर्यंत, तीस-तीस किलोंच्या पायऱ्यांनी. अर्धं नत्र पेरताना आणि अर्धं तीन आठवड्यांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. प्रत्येक मात्रा तीन-चार वाफ्यांत पुन्हा द्यायची. कापणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडून द्यायच्या, कारण त्यांना ऊनही जास्त मिळतं आणि शेजारच्या वाफ्यातलं खतही झिरपून येतं. मळणी करून दाणे वाळवायचे आणि सगळ्यांचं वजन सारख्याच ओलाव्यावर करायचं. मग असा तक्ता तयार होतो. यातले आकडे शिकण्यासाठी मी मुद्दाम सोपे घेतले आहेत, पण वळण खऱ्या प्रयोगात दिसतं तसंच आहे.

| नत्र (किलो/हेक्टर) | गहू (किलो/हेक्टर) | या पायरीने झालेली वाढ |
|---|---|---|
| ० | १६०० | – |
| ३० | २२४८ | ६४८ |
| ६० | २७५२ | ५०४ |
| ९० | ३११२ | ३६० |
| १२० | ३३२८ | २१६ |
| १५० | ३४०० | ७२ |
| १८० | ३३२८ | −७२ |

आधी शून्याची ओळ पाहा. एक चिमूटही नत्र न देता १६०० किलो गहू आला. ही जमिनीची स्वतःची कमाई. सेंद्रिय पदार्थ कुजून सुटणारं नत्र, मागच्या पिकाचं उरलेलं नत्र, सगळं त्यात आलं. खताच्या हिशेबात हे १६०० किलो धरायचे नाहीत. खऱ्या प्रयोगातही आधी याच ओळीकडे बघावं. शून्याचा वाफा इतरांच्या जवळपास उतारा देत असेल, तर जमिनीत आधीचं नत्र भरपूर शिल्लक आहे, आणि त्या शेतावरून दुसऱ्या शेतासाठी शिफारस काढणं धोक्याचं आहे.

आता तिसरा रकाना. पहिल्या ३० किलो नत्राने ६४८ किलो गहू वाढला, म्हणजे किलोमागे साडेएकवीस किलोंहून जास्त. पुढच्या तिसाने ५०४, मग ३६०, मग २१६. या वाढीलाच सीमांत उत्पादन म्हणतात. ती दर पायरीला कमी होते आहे, हाच घटत्या फलाचा नियम. इथे बहुतेक विद्यार्थी चुकतात. १५० नंतर उत्पादन खाली आलं, तिथून घटतं फल सुरू झालं, असं ते लिहितात. पण घट तर दुसऱ्या पायरीपासूनच चालू आहे! ३० वरून ६० वर जाताना एकूण उत्पादन पाचशे किलोंनी वाढलं, तरी फल घटतंच होतं. घटतं फल म्हणजे एकूण उत्पादन घटणं नव्हे. वाढीचा वेग मंदावणं म्हणजे घटतं फल. १५० च्या पुढे जे झालं ते वेगळं. तिथे फल ऋण झालं.

वेग का मंदावतो, याचं उत्तर रोपात आहे. नत्र कमी असताना फुटवे थोडे येतात, पानं फिकट राहतात, आणि दिलेला प्रत्येक कण पीक लगेच उचलतं. नत्र वाढलं की फुटवे वाढतात, पीक काळोखी धरतं. पण पानं एकमेकांवर सावली धरू लागतात, ऊन तेवढंच असतं, मुळांची खोली तेवढीच असते, स्फुरदही ६० किलोच असतो. आता अडसर नत्राचा राहत नाही, दुसऱ्या कशाचा तरी होतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी हाच विचार पुढे आणला होता. जे सगळ्यात कमी पडतं, तेच पिकाची मर्यादा ठरवतं. शिवाय पिकाने न उचललेलं नत्र मातीत थांबून राहत नाही. काही अमोनिया होऊन हवेत जातं, काही नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि शेवटी विहिरीत उतरतं. दीडशेच्या पुढे तर काडी लुसलुशीत होते, ओंबी भरताना वारा-पाऊस आला की गहू लोळतो, दाणा बारीक राहतो, रोगराईला वाव मिळतो. त्या ऋण ७२ किलोंमागे हे सगळं असतं.

आता या तक्त्यातला सगळ्यात फसवा आकडा काढू. तो तक्त्यात दिसत नाही, पण पारावरच्या बोलण्यात नेहमी असतो, तो म्हणजे सरासरी. १८० किलो नत्र टाकणारा शेतकरी म्हणेल, “खत टाकल्यामुळे मला १७२८ किलो जास्त गहू मिळाला. किलोमागे साडेनऊ किलोंच्या वर पडला. खत पुरेपूर वसूल झालं.” त्याचं गणित बरोबर आहे. ३३२८ मधून १६०० वजा केले की १७२८, त्याला १८० ने भागलं की ९.६. आणि तरीही शेवटच्या तीस किलोंनी त्याचं नुकसानच केलं. ती पासष्ट किलो युरियाची रक्कम तर गेलीच, वर ७२ किलो गहूही गेला. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांची भरघोस कमाई शेवटच्या पायरीचा तोटा झाकून टाकते. सरासरी मागचं सगळं एकत्र सांगते आणि निर्णय तर नेहमी पुढच्या गोणीचा घ्यायचा असतो. माझ्या मते या विषयात एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. खत परवडलं का, हा प्रश्न अपुरा आहे. शेवटची गोणी परवडली का, असं विचारायला हवं.

त्यासाठी पैसे मोजावे लागतात. नीमलेपित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे गोणीत २०.७ किलो. नत्राचा किलो साधारण १३ रुपयांना पडला. गव्हाचा हमीभाव २०२५-२६ च्या रब्बी खरेदी हंगामासाठी क्विंटलला २,४२५ रुपये होता, हिशेबाला किलोमागे २४ रुपये धरू. ९० वरून १२० वर जाण्याचा खर्च ३० गुणिले १३, म्हणजे ३९० रुपये. मिळतो २१६ किलो गहू, पाच हजारांहून अधिक रुपयांचा. जरूर जावं. १२० वरून १५० वर जाताना खर्च तेवढाच, मिळतो ७२ किलो गहू, १७२८ रुपयांचा. अजूनही परवडतं, पण खत फेकण्याची मजुरी आणि गहू लोळण्याची जोखीम त्यातूनच भागवायची आहे. १५० च्या पुढे खत फुकट मिळालं तरी टाकू नये.

तीस-तीसच्या पायऱ्यांमध्ये नेमकं कुठे थांबायचं, हे काढण्यासाठी या बिंदूंतून एक वक्र ओढतात. आपल्या तक्त्याचं सूत्र असं आहे:

Y = 1600 + 24N − 0.08N²

Y म्हणजे गहू आणि N म्हणजे नत्र, दोन्ही हेक्टरी किलोत. कुठल्याही N पाशी आणखी एक किलो नत्राने किती गहू वाढेल, हे याचा अवकलज सांगतो:

24 − 0.16N

हा शून्य झाला की शिखर आलं, म्हणजे N = १५०. पण नफ्याचा बिंदू शिखराच्या थोडा अलीकडे असतो. नत्राच्या एका किलोची किंमत गव्हात मोजली तर १३ भागिले २४, म्हणजे साधारण अर्धा किलो गहू. शेवटच्या किलो नत्राने निदान एवढा गहू द्यायला हवा. म्हणून 24 − 0.16N = 0.54 असं मांडायचं, आणि N येतो जवळजवळ १४७.

शिखर १५० वर आणि नफा १४७ वर! दोन्ही इतके चिकटलेले का? कारण अनुदानामुळे युरिया गव्हाच्या मानाने अतिशय स्वस्त आहे. किंमत ही थांबायची खूण असते आणि ती खूण इथे जवळपास पुसली गेली आहे. नत्र चौपट महाग, ५२ रुपये किलो झालं असतं, तर नफ्याचा बिंदू १३७ च्या आसपास आला असता. तेवढी पीछेहाट केल्याने उत्पादन घटलं असतं फक्त पंधराएक किलोंनी. शिखराजवळ वक्र असा सपाट असतो. थोडं कमी टाकलं तर फार बिघडत नाही, आणि थोडं जास्त टाकल्याचा तोटा डोळ्यांना दिसत नाही. शेतकऱ्याला दिसते ती काळोखी, आणि ती १५० च्या पुढेही वाढतच असते. जास्तीचं खत पडत राहतं, त्यामागे माझ्या मते अज्ञानापेक्षा या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे.

विद्यार्थ्याने सूत्राच्याही आहारी जाऊ नये. वर्ग असलेला हा वक्र सोयीचा आहे म्हणून सगळीकडे वापरतात. पण अनेक शेतांत उत्पादन एका मात्रेपर्यंत चढतं आणि मग पठारासारखं सपाट राहतं. अशा आकड्यांवर हा वक्र बसवला तर तो शिखर उजवीकडे ढकलतो आणि गरजेपेक्षा जास्त खत सुचवतो. आयोवातल्या मक्याच्या प्रयोगांवर १९९० मध्ये सेराटो आणि ब्लॅकमर यांनी हेच दाखवून दिलं. त्यांनी एकाच आकड्यांवर वेगवेगळी सूत्रं बसवली. जुळणी सगळ्यांचीच चांगली दिसत होती, पण त्यातून निघणाऱ्या मात्रा मात्र फार वेगळ्या होत्या. तेव्हा वक्र बसवल्यावर मूळ बिंदू त्यावर ठेवून पाहावेत. शेवटचे दोन-तीन बिंदू एका पातळीत असतील आणि वक्र त्यांच्या मधून कमान टाकून जात असेल, तर त्या शिखरावर विश्वास ठेवू नये. आणि एका वर्षाच्या आकड्यांवर तर कधीच ठेवू नये, कारण थंडी लवकर सरली की सगळा वक्रच खाली बसतो.

वक्र खाली बसणं आणि वक्रावरून पुढे सरकणं यांत फरक आहे. “पूर्वी दोन गोण्यांत भागत होतं, आता जमीन खताला दाद देत नाही,” असं गावोगाव ऐकू येतं, आणि विद्यार्थी त्याला घटत्या फलाचं उदाहरण म्हणून मोकळे होतात. ते तसं नाही. नियम एका हंगामाचा, इतर सगळं स्थिर धरलेला आहे. वर्षांमागून वर्षं जाऊन त्याच मात्रेला कमी उतारा मिळत असेल, तर इतर काहीतरी बदललं आहे. सेंद्रिय कर्ब घटला, जस्त किंवा गंधक कमी पडू लागलं, क्षार वाढले. तिथे दुखणं जस्ताचं असेल आणि औषध म्हणून युरिया वाढवला, तर शेतकरी खालच्या वक्राच्या उतरत्या बाजूला जाऊन पोहोचतो. वक्र वरही उचलला जातो. ब्रॉडबॉकवर १९६८ पासून बुटक्या काडीचं वाण आलं, १९७९ पासून बुरशीनाशक आलं, आणि पूर्वी ज्या मात्रांपलीकडे गहू लोळत होता तिथेही तो दाणे देऊ लागला. मग तिथे नत्राच्या आणखी मोठ्या मात्रांचे वाफे घालावे लागले.

आपल्याकडे वक्र हलवणाऱ्या गोष्टींत पाणी आणि पेरणीची वेळ यांचा मान मोठा. बागायती गव्हाला वेळेवर पेरणी असेल तर आपल्या राज्यात हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, उशिरा पेरला तर ९० किलोंची. उशिराच्या गव्हाला थंडीचे दिवस कमी मिळतात, फुटवे कमी येतात, नत्र उचलायला पीकच तेवढं उभं नसतं. म्हणून त्याचा वक्र लवकर सपाट होतो. (ही मात्रा गोण्यांत मोजताना पेरणीच्या डीएपीमध्येही १८ टक्के नत्र असतं, ते वजा करायला पुष्कळजण विसरतात.)

पाण्याचं उदाहरण शेवटपर्यंत सोडवण्याजोगं आहे. समजा एका शेतकऱ्याकडे दोन तुकडे आहेत, प्रत्येकी एक हेक्टर. पहिल्याला सगळ्या पाळ्या मिळतात, त्याचा वक्र वरचाच. दुसऱ्याला विहीर आटेपर्यंत दोनच पाळ्या मिळतात. त्याचं सूत्र असं धरू:

Y = 1000 + 14N − 0.1N²

याचं शिखर ७० किलोंवरच येतं, १४९० किलो गव्हाशी. आता ऐन हंगामात युरियाची टंचाई झाली आणि दोन्ही मिळून १५० किलो नत्रापुरताच युरिया हाती आला. कसा वाटायचा?

समान वाटला, ७५-७५, तर पहिल्यातून २९५० आणि दुसऱ्यातून १४८७ किलो, एकूण सुमारे ४४३७. पाणी आहे तिथेच सगळं ओतावं असं वाटतं, तेही करून पाहू. पहिल्याला १५०, दुसऱ्याला शून्य, एकूण ४४००. समान वाटणीपेक्षाही कमी! कारण बागायती तुकड्यातले शेवटचे तीस किलो ७२ किलोच देतात आणि कोरडवाहूसारख्या त्या तुकड्यातले पहिले तीस किलो ३३० किलो देऊ शकतात. मग शेवटच्या किलोचं फल दोन्हीकडे सारखं होईपर्यंत एकीकडचं नत्र दुसरीकडे सरकवत राहायचं. दोन्ही अवकलज समान धरले की उत्तर येतं पहिल्याला सुमारे ११० आणि दुसऱ्याला ४०. पहिल्यातून ३२७२, दुसऱ्यातून १४००, एकूण ४६७२ किलो. समान वाटणीपेक्षा २३५ किलो जास्त, २४ रुपयांच्या भावाने साडेपाच हजारांहून अधिक रुपये, आणि त्यासाठी युरियाचा एक दाणाही जास्त लागलेला नाही.

दोन्ही तुकडे आपापल्या शिखराच्या बरेच अलीकडे थांबले आहेत, हेही पाहा. दोन्हीकडे शेवटचा किलो अजून सहाएक किलो गहू देतो आहे, म्हणजे १३ रुपयांच्या नत्रामागे जवळजवळ दीडशे रुपये. महिनाभराने दुकानात युरिया आला म्हणून ही उणीव भरून निघत नाही, कारण मुकुटमुळांची वेळ तोवर निघून गेलेली असते आणि उशिरा दिलेल्या नत्राचा वक्र खालचा असतो. त्या शेतकऱ्यासाठी अनुदानाने ठरलेल्या दरापेक्षा पेरणीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात गोणी हाती असणं कितीतरी मोलाचं आहे.